लघवीची गोळी रात्री आणि वजन कधीतरी? एका फॉरवर्डला फार्मासिस्टचं उत्तर

«हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांनी रोज वजन करून उगाच घाबरू नये, महिन्यातून एकदा पुरे. पायावर सूज दिसली तरच लघवीची गोळी घ्या. ती झोपताना घेतली की रात्रभर पाणी निघून जातं आणि सकाळी अंग हलकं होतं. सूज उतरली की गोळी बंद करा, रोज घेतल्याने किडनी खराब होते.»

आधी वजनाचं बघू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे शरीरात साठणारं पाणी काट्यावर जसंच्या तसं दिसतं. तीन दिवसांत दोन किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा सुमारे पंधरा हजार कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. ते कुणाच्या हातून होत नाही. म्हणून इतक्या थोड्या दिवसांत वाढलेलं वजन हे जवळजवळ नेहमी पाणीच असतं.

एक उदाहरण घेऊ. रुग्णाचं कोरडं वजन, म्हणजे जादा पाणी उतरल्यावर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वजन, ६२ किलो आहे. मंगळवारी काटा ६२.१ दाखवतो, बुधवारी ६२.९, गुरुवारी ६३.६ आणि शुक्रवारी ६४.२. मंगळवार ते शुक्रवार २.१ किलो वाढले. पाय मात्र अजून ठीक दिसतात, चप्पल घट्ट होत नाही, बोटाने दाबलं तर खड्डा पडत नाही. तसा खड्डा पडायला बहुधा अडीच-तीन लिटर पाणी साठावं लागतं. शिवाय दिवसभर झोपून असलेल्या माणसाची सूज पायावर न येता कमरेच्या मागच्या बाजूला उतरते आणि तिथे कुणी बघत नाही. महिन्यातून एकदा वजन करणाऱ्याला हे चार आकडे कधीच दिसले नसते. त्याला थेट धाप लागल्यावर कळलं असतं.

या रुग्णाने शुक्रवारी सकाळीच डॉक्टरांना फोन करायला हवा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ ही सर्वसाधारण धोक्याची खूण आहे. तुमच्या कागदावर डॉक्टरांनी वेगळी मर्यादा लिहिली असेल, तर तीच पाळायची. पलीकडून येणारे प्रश्नही ठरलेले असतात: गोळी चुकली का? लोणचं, पापड, फरसाण, लग्नाचं जेवण झालं का? गॅस झाला म्हणून सोड्याची पुडी घेतली का? गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर कारण बहुधा तिथेच सापडतं. या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा जोर कमी करतात.

काट्यावर विश्वास ठेवायचा तर वजन रोज एकाच पद्धतीने व्हायला हवं. सकाळी उठायचं, लघवी करून यायचं आणि चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर उभं राहायचं. काटा फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. आकडा लगेच कॅलेंडरवर लिहायचा आणि मगच गोळी घ्यायची. हा क्रम मोडला की आकडे बिघडतात. सोमवारी गोळीच्या आधी आणि मंगळवारी गोळीनंतर दोन तासांनी वजन केलं, तर मधल्या वेळात लिटरभर लघवी होऊन गेलेली असू शकते. मग वजन उतरल्यासारखं वाटतं आणि साठणारं पाणी लपून राहतं.

आता रात्रीच्या गोळीकडे येऊ. फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड तोंडाने घेतली की साधारण तासाभरात लघवी वाढते, सगळ्यात जास्त जोर एक ते दोन तासांनी येतो आणि सहा-आठ तासांत परिणाम ओसरतो. दहाला गोळी घेतली तर अकरा ते एकच्या दरम्यान दर वीस-तीस मिनिटांनी उठावं लागतं. अंधारात, झोपेच्या गुंगीत, त्यात रक्तदाब कमी करणाऱ्या गोळ्याही चालू असताना. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. आणि दोन-तीन रात्री झोप मोडली की रुग्ण कुणालाही न सांगता गोळी घेणं सोडतो, ही गोष्ट औषधांच्या दुकानात फार नेहमीची आहे.

म्हणून पहिली गोळी सकाळी, वजनानंतर. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा लिहिली असेल तर दुसरी दुपारी दोनच्या सुमारास, चारच्या पुढे नाही. चिठ्ठीवर नुसतं १-०-१ लिहिलं असेल तर घरचे दुसरी गोळी रात्रीच्या जेवणानंतर देतात. तेव्हा औषध घेतानाच दुसरी वेळ विचारून पाकिटावर लिहून घ्यावी. फ्युरोसेमाइड जेवणासोबत घेतली तर रक्तात कमी उतरते, म्हणून ती उपाशीपोटी बरी. टॉरसेमाइडला जेवणाने फारसा फरक पडत नाही.

सकाळी एसटीने तीन तासांचा प्रवास असेल तर बरेच जण गोळी टाळतात. टाळू नका. पोहोचल्यावर घ्या, फक्त दुपारचे चार उलटू देऊ नका. दिवसभर विसरलीच तर त्या दिवशीची सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

सूज उतरल्यावर बंद करण्याचा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण सूज उतरलेली असते ती गोळीमुळेच. तिचा परिणाम ओसरला की मूत्रपिंड उरलेल्या तासांत मीठ पुन्हा धरू लागतं. आजची गोळी चुकली आणि रात्री खारट जेवण झालं, तर पाणी परत भरायला दोन-तीन दिवसही लागत नाहीत. काही रुग्णांचा डोस डॉक्टर पुढे कमी करतात किंवा थांबवतात, पण ते वजनाची वही आणि रक्ताचे रिपोर्ट बघून.

किडनीच्या भीतीत थोडं तथ्य आहे. गरजेपेक्षा जास्त पाणी काढलं तर किडनीचं काम मंदावल्याची खूण असलेलं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं आणि पोटॅशियम खाली येतं. म्हणूनच डोस बदलल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासतात. पण साठलेल्या पाण्याचा दाबही मूत्रपिंडावर येतो, त्यामुळे कितीतरी रुग्णांची लघवी पाणी उतरल्यावर सुधारते. किडनीला खरा धोका एका त्रिकुटाचा आहे: लघवीची गोळी, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आणि वर वेदनाशामक. पहिल्या दोन डॉक्टरांनी विचार करून दिलेल्या असतात, तिसरी आपण चिठ्ठीशिवाय आणतो. दुखत असेल तर पॅरासिटामॉल किती चालेल ते विचारा. शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल तर 'लो सोडियम' मीठही न विचारता आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

काटा खालच्या बाजूनेही बोलतो. ६२ चे दोन-तीन दिवसांत ६०.५ झाले, उभं राहिल्यावर चक्कर येते, तोंड कोरडं पडतं, किंवा जुलाब-उलट्या चालू आहेत, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. जुलाबांत नेहमीसारखी गोळी घेत राहणं आणि ओआरएसचे ग्लासवर ग्लास पिणं, दोन्ही मनाने करायचं नाही.

काट्याची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. बरेच महिने भूक कमी असेल तर मांस झडतं आणि त्या जागी पाणी भरतं, आकडा हलत नाही. म्हणून वजन ६२ च आहे, पण धाप लागू नये म्हणून रात्री दोनऐवजी तीन उशा लागतात, किंवा जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर थांबावं लागतं, तर कोरडं वजन नव्याने ठरवून घ्यायची वेळ झाली आहे. आडवं पडताच जीव घाबरा होत असेल, बसूनही धाप थांबत नसेल, गुलाबी फेस येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर वजन करत बसू नका. रुग्णाला टेकून बसवा आणि १०८ ला फोन लावा.