प्रिय उधारी बाकी

वहिनीचा भाजणी, मेतकूट आणि लोणच्यांचा घरगुती व्यवसाय आहे, डोंबिवलीत. त्याचं मासिक ईमेल वार्तापत्र काढायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं, कारण दादाच्या मते मला "लिहायची हौस आहे". हौस होती. आता चौकशी केलीत तर मी नाही म्हणेन.

पहिला अंक जूनमध्ये गेला. विषयाच्या ओळीत मी लिहिलं होतं, "आमच्या परिवारातर्फे आपणास व आपल्या कुटुंबीयांस सस्नेह नमस्कार : मासिक वार्तापत्र, अंक पहिला". लग्नपत्रिकेला शोभेल असा मजकूर. पाठवल्यावर दादाच्या फोनवर पाहिलं, तर तिथे दिसत होतं, "आमच्या परिवारातर्फे आपणास व आपल्या…" आणि पुढे तीन टिंबं. फोनवर पस्तीस-चाळीस अक्षरांच्या पुढे काही टिकत नाही, हे मला तेव्हा कळलं. जे सांगायचं ते टिंबांच्या पलीकडे राहिलं. अर्थात टिंबांच्या पलीकडेही नमस्कारच होता म्हणा.

त्याखाली फिकट अक्षरांत आणखी एक ओळ दिसते. ती आपण वेगळी भरली नाही, तर मेलमधला पहिला सापडेल तो मजकूर तिथे येऊन बसतो. आमच्याकडे तिथे आलं होतं, "हा मेल नीट दिसत नसेल तर येथे क्लिक करा". म्हणजे दुकानाच्या पाटीखाली "आत काही दिसत नसेल तर घरी जा" असं लिहिल्यासारखं.

पण खरा कहर आतच होता. प्रत्येकाला नावाने हाक मारायची सोय वार्तापत्र पाठवायच्या प्रणालीत असते. यादीतल्या नावाच्या रकान्यात जे असेल ते "प्रिय"पुढे येतं. यादी मी वहिनीच्या फोनमधून उतरवली होती, आणि वहिनी माणसांना नावाने ओळखत नाही. त्यामुळे ४१२ ग्राहकांपैकी कुणी "प्रिय दुसरा मजला" झालं, कुणी "प्रिय कमी तिखट", आणि एका सत्तरीच्या बाईंना सस्नेह नमस्कार गेला तो "प्रिय उधारी बाकी" म्हणून.

"भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाली, "बाई गेली पंधरा वर्षं येताहेत. मी कधी तोंडाने मागितली नव्हती."

आकडा मात्र झकास दिसत होता. ४१२ पैकी १४० जणांनी उघडलं! मी पेढे आणायला निघालो होतो, तेवढ्यात भाच्याने पाय ओढला. मेल उघडल्याची नोंद आत लपवलेल्या एका चिमुकल्या चित्रावरून होते. ते चित्र फोनने मागवलं की उघडल्याची खूण पडते. आणि २०२१ पासून आयफोनच्या मेल ॲपमध्ये खाजगीपणाची सोय सुरू असली, तर ते ॲप अशी चित्रं आधीच मागवून ठेवतं, माणसाने मेलकडे पाहो न पाहो. आमच्या मामांनी रात्री पावणेतीनला वार्तापत्र उघडल्याची नोंद होती. मामा साडेनऊला झोपतात.

जुलैत मी ईर्ष्येला पेटलो. लोक काय उघडतातच उघडतात, याचा विचार केला आणि विषय लिहिला, "तुमची ऑर्डर रद्द झाली आहे". आत पहिल्याच ओळीत खुलासा होता, की घाबरू नका, गंमत केली, आषाढाच्या तळणीसाठी भाजणी तयार आहे. सगळ्यांनी उघडलं. सगळ्यांनी फोनही केले. खुलाशापर्यंत कुणी पोचलंच नाही. दुपारपर्यंत अकरा जणांनी यादीतून नाव काढलं आणि चौघांनी मेलला स्पॅम ठरवलं. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्या मोठ्या मंडळींना जीमेलची अट आहे की तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. आम्ही त्या गल्लीतले नाही, पण चारशेत चार म्हणजे जवळजवळ एक टक्का, मोठ्यांच्या तिप्पट! ऑगस्टचा अंक बऱ्याच जणांच्या स्पॅममध्ये जाऊन पडला. तो "श्रावण आणि आपली परंपरा" या विषयावर होता, त्यामुळे मराठी वाङ्मयाचं फार नुकसान झालं असं नाही.

सप्टेंबरात मी वर्षभराच्या विषयांची यादी वहिनीपुढे ठेवली : आमचा प्रवास, आमची मूल्यं, मसाल्यांचं आरोग्यदायी महत्त्व. तिने वाचली आणि गल्ल्याखालून बिलबुक काढलं. त्याच्या मागच्या पानांवर ती ग्राहकांची रडगाणी लिहून ठेवते. "चकली तेलात विरघळली." "लोणच्यावर पांढरं आलं, टाकू का?" "मुलगा अमेरिकेत, मेतकूट विमानात नेता येईल?" "थालीपीठ थापताना चिरतं." साडेतीन पानं होती.

"दुकानात येऊन आजवर कुणी माझी मूल्यं विचारलेली नाहीत," ती म्हणाली.

मग आम्ही माझ्या यादीचा कागद उलटा करून त्याच्या पाठीवर नवी लिहिली. एका महिन्याला एकच रडगाणं, ते ज्या तोंडाने आलं त्याच शब्दांत विषयाच्या ओळीत. लोणच्याची बुरशी पावसाळ्यात, थालीपीठ थंडीत, चकली दिवाळीआधी. आधी म्हणजे कधी, यावरून वाद झाला. मी म्हणालो, दर महिन्याची १ तारीख. वहिनीने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरात होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ते ८ नोव्हेंबरला. एक तारीख धरून बसलात तर एका वर्षी चकली तळून झाल्यावर सल्ला पोचेल. ठरलं : दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यापुढे वीसेक दिवस उरतात. भाजणी मागवायला, दळायला, पोचवायला आणि पहिला घाणा बिघडवायलाही तेवढे पुरतात.

विषय लिहिला, "चकली तेलात विरघळते?" वीस अक्षरंही नाहीत. खालच्या फिकट ओळीत वहिनीने लिहायला लावलं, "मोहन जास्त झालंय. वाटीला एकच चमचा."

मी कळवळलो. "अहो, उत्तर बाहेरच दिलं तर आत कोण येईल?"

"ज्यांची चकली कडक होते ते येतील," ती म्हणाली. "त्यांचं मोहन कमी पडतं. त्यांना वाटेल, आपलंही असेल आत."

दादाला मध्येच शास्त्र सुचलं : निम्म्यांना एक विषय, निम्म्यांना दुसरा, बघू कुठला जास्त उघडतो. पण निम्मे म्हणजे दोनशे. त्यात पाच-सहा जणांचा फरक पडला तर तो विषयाचा की त्या दिवशी लोकल वेळेवर आल्याचा, कसं सांगणार? शिवाय त्या पाचांत दोन आपल्याच घरातले. शास्त्र बारगळलं.

अंक गेला. आत फक्त चकलीच : मोहन कडकडीत हवं, पीठ तासन्‌तास भिजवून ठेवू नये, आणि आधी एकच चकली तळून बघावी. शेवटी एक ओळ, भाजणी हवी असेल तर याच मेलला उत्तर द्या. नावाने हाक कुणालाच नव्हती, नुसतंच "नमस्कार". उघडल्याचा आकडा जूनपेक्षा कमी आला. मी तोंड पाडून बसलो. वहिनी उत्तरं मोजत होती. जूनमध्ये एकही उत्तर नव्हतं, या वेळी चौतीस आली. त्यांतली सव्वीस मागण्यांची होती. एकाने "तुमचा चमचा केवढा?" असं विचारलं होतं. तो प्रश्न बिलबुकात गेला.

चौतिसावं उत्तर वहिनीने मला वाचायला दिलं.

"दोन किलो भाजणी ठेवा. मोहन मी दीड चमचा घालते, कधी विरघळत नाही, तुमचा चमचा तपासा. मागचे तीनशे वीस नातवाने पाठवलेत, मिळाले का ते कळवा. आपली, उधारी बाकी."