जांभळी नाक्याची गल्ली कथेत उतरवताना

गेले काही महिने मी एक कथा लिहीत आहे. ती ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका गल्लीत घडते. पहिल्या मसुद्यात गल्लीचे वर्णन असे होते: "दोन्ही बाजूंना भाज्यांच्या पाट्या, फुलांचे ढीग, मसाल्यांची पोती, भांड्यांची आणि पूजेच्या साहित्याची दुकाने होती आणि माणसांची एकच गर्दी उसळली होती." यात खोटे काहीच नाही. तरीही हे वाक्य उचलून दादरला किंवा पुण्याच्या मंडईत ठेवले असते, तर त्यातला एक शब्दही बदलावा लागला नसता, आणि सकाळी सहाऐवजी संध्याकाळचे सात वाजले आहेत असे मानले असते, तरी ते तसेच राहिले असते. वर्णनाऐवजी केवळ मालाची यादी झाली आहे हे ओळखायला मला या दोन कसोट्या पुरतात.

दुसऱ्या मसुद्यात मी वस्तू काढून आवाज घातले. हमालांच्या हाळ्या, शटरचा खडखडाट, स्कूटरचे हॉर्न, कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा. ही चूक अधिक फसवी होती, कारण परिच्छेद ऐकू येत होता, पण ती यादी यादीच राहिली होती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: आवाज झाला की गल्लीतल्या कोणीतरी काहीतरी केले पाहिजे. मागून "बाजू, बाजू" अशी हाळी आली की जाणकार बाई मागे वळून पाहत नाही. ती पिशवी पोटाशी घेते, दुकानाच्या पायरीवर एक पाऊल चढते, हातगाडी पुढे गेली की उतरते, आणि या सगळ्यात तिचा मेथीच्या जुडीचा भाव करणे थांबत नाही. नवखा माणूस मात्र हाळी कोणासाठी आहे हे पाहायला वळतो आणि मध्येच अडकतो. एका हाळीतून गल्लीची रुंदी कळते आणि कोण इथले, कोण बाहेरचे हेही कळते. गर्दीत डोळ्यांना समोरच्याची पाठच दिसते, पुढचे आधी कानांना समजते, म्हणून इथे आवाजावर विसंबणे योग्यच आहे. घंटा ऐकून माझ्या कथेत कोणीच काही करत नव्हते, म्हणून ती मला आवडत असूनही मी काढली.

वासाचे गणित निराळे आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाकाला तो जाणवेनासा होतो. त्यामुळे तीस वर्षे गल्लीत बसणाऱ्या दुकानदाराला हिंगाचा वास आला असे लिहिणे मला खोटे वाटते. तो वास गिऱ्हाइकाला येईल, दुकानदाराला येणार नाही. दुकानदाराला येईल तो बदललेला वास: पावसाने भिजलेल्या गोणपाटाचा, किंवा काल उचलायच्या राहिलेल्या कोबीच्या पाल्याचा.

मात्र गल्ली खरी जिवंत झाली ती नित्यक्रमामुळे. कथेत एक वयस्कर किराणा दुकानदार आहेत. त्यांचे शटर साडेआठला उघडते. तोवर पहाटेपासून त्यांच्या पायरीवर एक भाजीवाला पाट्या मांडून बसतो. सव्वाआठ झाले की तो पाट्या उचलून समोरच्या गटाराच्या झाकणावर नेतो आणि पायरीवर पाणी मारतो. शेठ येतात, उदबत्ती लावतात, आणि भवानी झाल्याशिवाय कोणालाही उधार देत नाहीत. या दोघांमध्ये पायरीवरून कधीच बोलणे झालेले नाही. हे मी कथेच्या सुरुवातीला दोनदा, थोडक्यात आणि वेगवेगळ्या दिवशी दाखवले, कारण एकदाच दाखवलेल्या गोष्टीला वाचक प्रसंग समजतो, दुसऱ्यांदा तीच दिसली की रीत समजतो, आणि रीत कळल्याशिवाय ती मोडल्याचे त्याला जाणवणार नाही.

मग शेठ जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्याला बातमी ठाऊक आहे, शटर उघडणार नाही हेही ठाऊक आहे, तरी सव्वाआठला तो पाट्या उचलतो आणि रिकाम्या पायरीवर पाणी मारतो. आधी मी इथे त्याच्या डोळ्यांत पाणी आणले होते. ते खोडले, कारण पायरीवरचे पाणी पुरेसे होते.

याद्यांना माझा सरसकट विरोध नाही. तेराव्याच्या सामानाची चिठ्ठी घेऊन शेठची सून त्याच गल्लीत फिरते, तेव्हा मी वस्तूंची नावे एकामागून एक लिहिली आहेत, कारण त्या क्षणी तिला तेवढेच दिसते, आणि ज्या दुकानातून हे सगळे मिळाले असते ते दुकान बंद आहे.

चौदाव्या दिवशी ती स्वतः दुकान उघडायला येते, पण पावणेआठलाच, कारण सासऱ्यांची वेळ तिला कोणी सांगितलेली नाही. पाट्या अजून पायरीवरच आहेत. शटर अर्धे वर जाते आणि आत कोंडलेला हिंगाचा, गुळाचा आणि पोत्यांचा वास एकदम बाहेर येतो. या वेळी तो भाजीवाल्यालाही येतो, आणि त्या पायरीवरचे पहिले वाक्य तो बोलतो: "थांबा वहिनी, पाट्या काढतो."