तीन गोळ्यांची पट्टी

"मिरजेत अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची तीन गोळ्यांची पट्टी मेडिकलवाला काही न विचारता देतो. दर वेळी घशाला तीन दिवसांत आराम पडतो आणि मी कोर्सही पुरा करतो. तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवली, तरी तुम्ही नाही म्हणालात. आपल्याच माणसाची एवढी अडवणूक कशासाठी?"

आदरणीय काका,

शुक्रवारी काउंटरवर गर्दी होती, म्हणून तुम्हाला नीट उत्तर देता आले नाही. चिठ्ठीचे आधी सांगतो. भारतातल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीवर औषध देण्याची मुभा इंग्लंडच्या कायद्यात मला नाही, मग ती कागदावर असो वा फोनवर. मात्र कायदा आडवा आला नसता, तरीही त्या दिवशी मी ती पट्टी दिली नसती.

तुम्हाला आत बसवून टॉर्चने घसा पाहिला, तो उगाच नव्हे. मागच्या 24 तासांत ताप होता का, टॉन्सिलवर पू दिसतो का, टॉन्सिल फार लाल होऊन सुजले आहेत का, दुखणे सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत रुग्ण आला का आणि खोकला-सर्दी नाही ना, अशा पाच गोष्टी आम्ही पाहतो आणि प्रत्येकीला एक गुण देतो. चार किंवा पाच गुण झाले, तर अँटिबायोटिकचा विचार होतो. तुमचा घसा थोडा लाल होता, पण पू नव्हता, ताप नव्हता, नाक वाहत होते आणि तो पाचवा दिवस होता. गुण शून्य झाले. असा घसा बहुधा विषाणूने धरलेला असतो आणि विषाणूवर ही गोळी चालत नाही. दर वेळी तीन दिवसांत आराम पडला, तो गोळीविनाही पडला असता, असे मला वाटते.

कोर्स पुरा करण्याची तुमची शिस्त चांगली आहे, पण ती गरज असलेल्या औषधाला लागू पडते. गरज नसताना पुरा कोर्स घेतला, तर घशातल्या निरुपद्रवी जंतूंना पुरा मारा बसतो आणि त्यांतले चिवट तेवढे उरतात. अझिथ्रोमायसिन शेवटच्या गोळीनंतरही कित्येक दिवस शरीरात रेंगाळते. बेल्जियममध्ये निरोगी माणसांना ते तीन दिवस देऊन पाहिले होते. सहा महिन्यांनंतरही त्यांच्या घशात या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण वाढलेलेच आढळले. टायफॉइडवर तोंडावाटे देता येतील अशी जी मोजकी औषधे आपल्याकडे उरली आहेत, त्यांत हे एक आहे. ते सर्दीवर खर्च व्हावे, हे मला मनापासून दुखते.

काकूंनी विचारले, "मग माझी रक्तदाबाची गोळी गेल्या महिन्यात चिठ्ठीशिवाय कशी दिलीत?" त्यांची गोळी इथल्याच डॉक्टरांनी सुरू केलेली, रोजची आहे. ती मध्येच तुटू नये म्हणून थोड्या दिवसांपुरती देता येते. नवे दुखणे त्या सवलतीत बसत नाही.

राहिली मिरजेची गोष्ट. नियम तिकडेही आहे. 1 मार्च 2014 पासून सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिकांसाठी शेड्यूल एच-वन ही अधिक कडक यादी आली. डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. तुमचे अझिथ्रोमायसिन जुन्या शेड्यूल एच मधले आहे, त्यालाही चिठ्ठी लागतेच. माझा सांगलीचा मित्र मेडिकल चालवतो. तो म्हणतो, "मी परत पाठवले, तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जाते. रोजंदारीवरचा माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून आणि फी भरून डॉक्टरकडे बसणार का?" या प्रश्नाला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. केरळने 2024 मध्ये चिठ्ठीविना विक्रीवर कारवाई सुरू केली, ते योग्यच झाले. पण घसा तपासणारे कोणी जवळ नसेल, तर दुकानाचे दार बंद करून रुग्णाचे दुखणे थांबत नाही.

इथे मी नाही म्हणू शकतो, कारण डॉक्टरांकडे जायला पैसे पडत नाहीत आणि 31 जानेवारी 2024 पासून घशासह सात दुखण्यांत, ठरलेल्या तपासणीनंतर आणि गरज असल्यासच, मी स्वतः औषध देऊ शकतो. असा अधिकार तिकडच्या फार्मासिस्टना द्यावा का? जिथे तो खरोखर काउंटरवर उभा असतो तिथे द्यावा, असे वाटते. पण भिंतीवर फक्त त्याचा परवाना टांगलेला आणि गोळ्या देणारा दुसराच, अशी दुकाने मी पाहिली आहेत, त्यामुळे माझे मत अजून पक्के होत नाही.

तुम्ही पॅरासिटामॉल घ्या, कोमट पाणी पीत राहा. थुंकी गिळता येईना, तोंड उघडेना, आवाज घोगरा न राहता घशात काही अडकल्यासारखा येऊ लागला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर माझी वाट न पाहता थेट रुग्णालयात जा. तसे काही नसेल आणि बुधवारपर्यंत उतार पडला नाही, तर सकाळी नऊला या. तेव्हा गर्दी नसते, पुन्हा घसा पाहू.

आपला,
कोपऱ्यावरचा फार्मासिस्ट, लेस्टर