दहा वर्षांच्या हप्त्यात भलं नक्की कोणाचं?

बँकेतली आरएम, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजर, घरी येऊन, चहा पिऊन, फुकट सल्ला देते आणि तो कर्वे रोडचा फी घेणारा सल्लागार नुसतं बोलायचे 18 हजार मागतो, मग यातला महाग कोण? आमच्या मामांचं उत्तर ठाम होतं. "बोलायचे 18 हजार? वेड लागलंय का तुला?" पुण्यात वाढलेला माणूस, सल्ला विकत घ्यायचा ही कल्पनाच पटत नाही. म्हणून त्यांचा सगळा हिशोब इथे मांडतेय. मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे, कोणाची एजंट नाही, कोणाची सल्लागार पण नाही.

मामा साठाव्या वर्षी पिंपरीच्या एका कंपनीतून रिटायर झाले, पीएफ ग्रॅच्युइटी मिळून 62 लाख खात्यात आले आणि आठवड्याच्या आत बँकेतून फोन. (कसं कळलं असेल? अहो खातं त्यांच्याकडेच आहे.) मॅडम कोथरूडला घरी आल्या आणि त्यांनी सुचवलं की वर्षाला 5 लाख, 10 वर्षं भरा, विसाव्या वर्षी 1 कोटी हातात, गॅरंटीड, टॅक्स फ्री, विमा मुलाच्या नावावर म्हणजे तुमच्या मेडिकलची भानगड नाही. "काका, पैसे डबल!" मामांनी सही केली, पहिला चेक गेला, आणि पॉलिसीचं पाकीट आल्यावर मला फोन केला की जरा बघ गं, हप्ता दर वर्षी भरायचाय का एकदाच? म्हणजे एवढं पण नीट सांगितलेलं नव्हतं.

आता इथे लोक "कमिशन खातात हो सगळे" म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. पोस्टाच्या आरडीवाल्या काकूंना पण कमिशन मिळतं, 4 टक्के, पण त्या दर महिन्याला दारात येतात आणि तुम्ही स्वतः पोस्टात जाऊन उघडली तरी आरडीचा व्याजदर तोच. तिथे कमिशनमुळे सल्ला बिघडायला जागाच नाही. बिघडतो कुठे, तर एकाच माणसाच्या पिशवीत चार वस्तू आहेत, चारींवर वेगवेगळं कमिशन आहे, आणि कुठली काढायची ते तोच ठरवतो तिथे.

विम्यात हा फरक किती मोठा असतो ते बघा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या 2016 च्या नियमात साध्या आयुर्विमा पॉलिसीच्या पहिल्या वर्षीच्या कमिशनची कमाल मर्यादा हप्ते किती वर्षं भरायचे त्यावर ठरलेली होती. एकरकमी भरलेल्या पॉलिसीवर 2 टक्के, पाच वर्षं भरायची असेल तर 15, दहा वर्षं असेल तर 30, बारा किंवा जास्त असेल तर 35. 2023 मध्ये या प्रॉडक्टवार मर्यादा काढून टाकल्या आणि कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आली, त्यामुळे आज मामांच्या पॉलिसीवर बँकेला नक्की किती मिळाले ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण जुन्या मापाने मोजलं तर अंदाज येतो. तेच 5 लाख एकरकमी घेतले असते तर बँकेला जास्तीत जास्त 10 हजार, आणि "दहा वर्षं भरा" म्हटलं की पहिल्याच वर्षी दीड लाखापर्यंत. आता सांगा, ज्याचा पगार बंद झालाय त्या माणसाला दहा वर्षं हप्ते भरायला लावायचं कारण काय असेल? आरएमला पगारच असतो, कमिशन बँकेला जातं, हे खरं, पण तिच्या डोक्यावर टार्गेट असतं आणि टार्गेट कशावर लावायचं ते बँक ठरवते. मुलगी बिचारी वाईट नव्हती, पंचवीस-सव्वीसची असेल.

आणि आकडा 5 लाखच का? एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता 5 लाखाच्या वर गेला की मॅच्युरिटीवर टॅक्स लागतो (युलिपचं वेगळं आहे). म्हणजे टॅक्स फ्री म्हणून विकता येईल असा सगळ्यात मोठा हप्ता बरोब्बर 5 लाख. मामांना 5 लाख झेपतात का, हा विचार त्यात कुठेच नव्हता.

"डबल" चा हिशोब कोणीही घरी करू शकतं. एक्सेलमध्ये A1 ते A10 मध्ये उणे 500000 टाका, A11 ते A20 मध्ये शून्य, A21 मध्ये 10000000, आणि खाली

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर, म्हणजे वर्षाला मिळणारा परतावा, येतं साधारण साडेचार टक्के. हेच हप्ते 6.5 टक्क्याने वाढले असते तर विसाव्या वर्षी 1 कोटी 35 लाखाच्या आसपास झाले असते. यावर मॅडमचं उत्तर तयार होतं, "पण काका हे टॅक्स फ्री आहे ना". अहो पण मामांना टॅक्स बसतोय कुठे? नवीन रिजीममध्ये 2025-26 पासून 12 लाखापर्यंत व्याजाच्या उत्पन्नावर काही लागत नाही आणि त्यांचं सगळं व्याज धरून त्याच्या निम्म्याला पण पोचत नाही. जी सवलत तुम्हाला लागतच नाही तिच्यासाठी दीड-दोन टक्के दर वर्षी सोडायचे! आणि विमा मुलाला हवाच असेल तर पस्तिशीतल्या निर्व्यसनी माणसाला 1 कोटीचा टर्म प्लॅन वर्षाला वीस हजाराच्या आत मिळतो, इथे 50 लाखाच्या कव्हरसाठी 5 लाख भरायचे.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे काय सुचवलं नाही. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम. 8.2 टक्के, 30 लाखापर्यंत टाकता येतात, दर तिमाहीला व्याज खात्यात, म्हणजे 30 लाखावर तिमाहीला 61,500 रुपये. तीच बँक ही स्कीम उघडून पण देते! पण त्यावर एजंटचं कमिशन 2011 मध्येच बंद झालं, पीपीएफचं पण तेव्हाच. एका साठीच्या रिटायर्ड माणसासमोर तासभर बसून या स्कीमचं नावसुद्धा कोणी घेत नसेल तर मला पुढचं काही ऐकायची गरज वाटत नाही.

माझी परीक्षा तीच आहे. समोरच्याला विचारा, माझं होम लोन आधी फेडू का? जुनी पॉलिसी तशीच राहू दे का? पीपीएफमध्ये टाकू का? या प्रश्नांचं उत्तर कधी हो असतं कधी नाही, पण हो म्हणाल्यावर त्याला शून्य रुपये मिळतात. अशा शून्य रुपयांच्या गोष्टी जो स्वतःहून कधीच सुचवत नाही त्याचा सल्ला म्हणजे विक्री आहे, भले माणूस कितीही गोड असो.

मामांचं पुढे काय झालं ते पण सांगते, कारण उपयोगी आहे. पॉलिसीचं डॉक्युमेंट मिळाल्यापासून 30 दिवस फ्री-लुक असतो, कारण न देता परत करता येते, स्टॅम्प ड्यूटी, मेडिकल झालं असेल तर ते आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी परत. ब्रँचमध्ये गेलो तर "मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या", मग "फॉर्म इथे नसतो". हा खेळ दिवस काढायचा असतो. म्हणून बँकेचा नाद सोडून थेट विमा कंपनीला पॉलिसी नंबर घालून मेल केला, पोच मागून घेतली. पैसे परत आले, थोडे कापून. नसते आले तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करायची होती. 30 दिवस उलटले असते तर मात्र सरेंडर, आणि पहिल्या वर्षानंतर काहीतरी परत द्यायचा नियम ऑक्टोबर 2024 पासून आला असला तरी नुकसान चांगलंच होतं.

आता फी-ओन्ली, म्हणजे कमिशन न घेता फक्त फी घेणारा सल्लागार, संतच असतो असंही नाही हं. जो तुमच्या एकूण गुंतवणुकीच्या टक्केवारीत फी घेतो (सेबीने कमाल 2.5 टक्के ठेवली आहे) त्याला 60 लाखावर 1 टक्क्याने पण वर्षाला 60 हजार, आणि तुम्ही त्यातून 15 लाख काढून मुलाचं लोन फेडलं की त्याची फी 15 हजाराने कमी. म्हणजे तिथे पण शून्य रुपयांचा प्रश्न विचारून बघायचाच, किंबहुना त्याच्या बाबतीत तो उणे रुपयांचा प्रश्न आहे! म्हणून मामांसाठी मी ठराविक रक्कम घेणारा शोधला. त्याने पाऊण तास फक्त महिन्याचा खर्च आणि मामींचं औषधपाणी विचारलं, मग 30 लाख सीनियर सिटिझनमध्ये, काही एफडी, थोडे म्युच्युअल फंडात तेही बिनकमिशनच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये असं लिहून दिलं. स्वतः काही विकलं नाही. मामा अजून म्हणतात 18 हजार जास्तच घेतले.

"फी घेतो" एवढ्यावर पण जाऊ नका. फी पण घेतात आणि पॉलिसी बायकोच्या नावाच्या एजन्सीतून काढतात असे नग आहेत. ज्याला सल्ला द्यायचा त्यालाच कमिशनवाली वस्तू विकायची नाही, घरच्यांमार्फत पण नाही, असा सेबीचा नियम आहे 2020 पासून. सेबीच्या नोंदणीकृत सल्लागाराचा नंबर INA ने सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर यादीत शोधता येतो. कार्डावर ARN नंबर असेल तर तो म्युच्युअल फंडाचा डिस्ट्रिब्युटर, कमिशनवाला. कार्डावर मोठ्या अक्षरात वेल्थ अ‍ॅडव्हायजर लिहिलं असेल आणि खाली ARN, तर तिथेच थांबा, कारण डिस्ट्रिब्युटरने ते नाव लावायचंच नाहीये.

पण ARN वाला नकोच असंही मी म्हणणार नाही. माझ्या एका मैत्रिणीचे कमिशनवाल्या रेग्युलर प्लॅनमध्ये 8 लाख आहेत, सदाशिव पेठेतल्या एका काकांमार्फत. कमिशन 0.8 टक्के धरलं तर वर्षाला 6,400 रुपये. तिच्या वडिलांचं नाव आधारवर एक आणि पॅनवर एक होतं, ते गेल्यावर युनिट्स ट्रान्सफर करायला काकांनी चार फंड हाऊसचे कागद स्वतः नेऊन दिले, आणि मार्च 2020 मध्ये ती एसआयपी बंद करायला निघाली तेव्हा अर्धा तास फोनवर थांबवलं. एवढ्या रकमेला 18 हजाराचा सल्लागार परवडत नाही आणि 6,400 मध्ये हे काम स्वस्त आहे. 50 लाख झाले की तेच कमिशन वर्षाला 40 हजार होईल, तेव्हा परत विचार करायचा. हा आकडा अंदाजाने काढायची पण गरज नाही, म्युच्युअल फंडाचं जे एकत्रित स्टेटमेंट सहा महिन्यांनी मेलवर येतं त्यात प्रत्येक स्कीमपुढे डिस्ट्रिब्युटरला किती कमिशन दिलं ते रुपयांत छापलेलं असतं. मैत्रिणीने ते मेल कधी उघडलंच नव्हतं. तुमचं शोधायचं असेल तर इनबॉक्समध्ये Consolidated Account Statement टाका, पासवर्ड बहुतेक पॅन नंबरच असतो.