साका आणि साखर

परवा रात्री साडेदहा वाजता देवगडच्या एका आंबा बागायतदारांनी मला फोन करून विचारले, "माझ्या आंब्याला मधुमेह कधी झाला?" त्यांच्या मुलाखतीच्या पॉडकास्टची टिपणे आणि कीवर्डची यादी मी लिहिली होती, त्यामुळे उत्तर देणे मला भाग होते.

बागायतदार बोलले होते 'साक्या'विषयी. जमिनीची धग लागली की हापूसच्या गरात पांढरट, आंबूस भाग तयार होतो, आणि तो फळ कापल्याशिवाय दिसत नाही. यंत्राने उतरवलेल्या संहितेत मात्र 'धग लागली की आंब्यात साखर होते' असे आले होते. 'मोहोर'चा 'मोर' झालेला मी लगेच पकडला, कारण मोरावर तुडतुडे पडत नाहीत; पण साखर आंब्यात शोभून दिसते, त्यामुळे मी ती जागा ऐकून पाहिली नाही. खटकणारी चूक सापडते, शोभणारी छापून येते. मी टिपणांत वेळेसह मुद्दा लिहिला: '12:40 आंब्यात साखर कशी होते?'

येथे पॉडकास्टच्या निवेदकाचे मेहुणे अवतरले. ते विमा विकतात. परंतु त्यांच्या भाच्याचा व्हिडिओ एकदा बराच फिरल्यामुळे घरात त्यांना यूट्यूबचे जाणकार मानतात. माझ्या यादीत 'हापुस', 'हाफूस', 'आल्फान्सो' अशी रूपे पाहून ते म्हणाले, "अहो, तुमचं शुद्धलेखन कच्चं दिसतंय." लोक जसे चुकवून लिहितात तसेच शोधतात आणि यूट्यूबच्या टॅगचा खरा उपयोग तेवढाच असतो, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि तिन्ही रूपे खोडली. मग 'साखर' या शब्दावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे सोनं आहे!" आणि 'मधुमेह', 'शुगर घरगुती उपाय', 'वजन कमी करा' अशी भर घालत गेले. टॅगना एकूण ५०० अक्षरांची मर्यादा असते, हे कळल्यावर जागा करण्यासाठी त्यांनी 'देवगड' काढून टाकले. देवगडच्या माणसाच्या मुलाखतीतून!

त्यानंतर सुरुवातीला १ मिनिट ४० सेकंदांची जाहिरात जोडली गेली आणि ते मला कोणी कळवले नाही. त्यामुळे 12:40 वर टिचकी मारणाऱ्याला साक्याऐवजी बागेच्या कुंपणाचा खर्च ऐकू येत होता. साका गेला होता 14:20 वर. प्रत्येक वेळेत शंभर सेकंद मिळवत मी अठरा मुद्दे पुन्हा लिहिले. फक्त पहिला 00:00 तसाच ठेवला, कारण तो नसेल तर यूट्यूब प्रकरणे दाखवतच नाही.

या दुरुस्तीचे पैसे मागितले, तेव्हा निवेदक म्हणाले, "चूक तुमचीच होती ना?" साखरेपुरती होती, हे मी कबूल करतो. जाहिरात, मधुमेह आणि गायब झालेले देवगड यांचा हिशेब मात्र अजून कोणी केलेला नाही. बागायतदारांनी एक पेटी पाठवली, तीही निवेदकांच्या पत्त्यावर. मेहुण्यांना आंबे गोड लागले म्हणे.