भंगार म्हणे!

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितोय. भाच्याला घेऊन जेल रोडवर गेलो होतो. ताईने २०१५ साली शिकवण्यांच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप, आय-थ्री ५००५यू, चार जीबी रॅम. पंखा घरघरतो एवढीच तक्रार. दुकानदाराने झाकण उघडलं, स्टिकर वाचला आणि पोराच्या तोंडावर सांगितलं, "हे भंगार आहे, यावर आता एकही गेम चालणार नाही." नववीतलं पोर. परतताना राजवाड्यापर्यंत एक शब्द बोललं नाही.

एकही? अरे, न बघता कसं सांगतोस?

घरी आल्या आल्या त्यावर माझ्या स्टीम खात्यातून सेलेस्ट टाकला. २०१८चा गेम. लोण्यासारखा चालला, उडीला एक झटका नाही. भाच्याचा चेहरा खुलला आणि लगेच म्हणाला, "मामा, मग ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलरपण टाका, तोही पिक्सेलवालाच आहे." टाकला. लढाई सुरू झाली आणि चित्र अडखळायला लागलं.

इथेच सगळे फसतात. दोन्ही पिक्सेलवाले दिसतात, पण चित्र बनतं वेगवेगळ्या पद्धतीने. सेलेस्टमध्ये खेळाचं चित्र आधी फक्त ३२० बाय १८० एवढ्या छोट्या पाटीवर काढलं जातं, म्हणजे ५७,६०० ठिपके, आणि मग ती पाटी मोठी करून पडद्यावर लावली जाते. ऑक्टोपॅथ आहे अनरियल इंजिन ४ वर. त्यात पात्रं तेवढी चपटी, बाकी सगळं जग थ्रीडी. दिव्यांचा उजेड, पाण्याची चमक, मागचं धूसर दिसणं, हे सगळं दर फ्रेमला नव्याने मोजायचं. या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८, म्हणजे जवळजवळ साडेदहा लाख ठिपके. तेही सेकंदाला ६० वेळा! इंटेलची एचडी ५५०० बिचारी काय करणार? तिला स्वतःची मेमरीही नाही, ती प्रोसेसरच्याच रॅममधून घास खाते.

म्हणून मी आधी फोल्डर उघडून बघतो. `data.win` दिसली तर गेममेकर, अंडरटेलसारखा, बहुतेक वेळा निर्धास्त व्हावं. `.pak` फायली दिसल्या तर बहुधा अनरियल, सावध. `UnityPlayer.dll` दिसली तर युनिटी, आणि तिथे नुसत्या नावावरून काही कळत नाही. तिथे चित्रच बघावं लागतं. होलो नाइट युनिटीवर आहे, टूडी आहे, पण त्यात धुकं, पाऊस, पानं असे पारदर्शक थर एकावर एक असतात. एकाच ठिपक्यावर पाच-सहा वेळा रंग चढतो, आणि जुन्या ग्राफिक्सचा दम तिथेच निघतो. सिटी ऑफ टिअर्सच्या पावसात आमचंही तेच झालं. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० केलं, ब्लर आणि पार्टिकल कमी केले, आणि गेम खेळण्याजोगा झाला. रिझोल्यूशन उतरवल्यावर वेग वाढला तर अडचण ग्राफिक्सची. ढिम्म फरक पडला नाही तर प्रोसेसर किंवा रॅमकडे बघायचं. दोन मिनिटांची परीक्षा आहे, दुकानदाराला तेवढीही फुरसत नव्हती.

हो, मान्य, आजचे मोठाले थ्रीडी गेम यावर चालणार नाहीत. पण १९९८चा हाफ-लाइफ चालतो की! आणि एज ऑफ एम्पायर्स २ची २०१३ची एचडी आवृत्तीसुद्धा, कारण त्यातली घरं नि सैनिक आधीच काढून ठेवलेली चित्रं आहेत. मूळ १९९९ची सीडी नव्या विंडोजवर रंग बिघडवते, तेवढं सोडा.

खरं दुखणं वेगळंच निघालं. सेलेस्ट दहा मिनिटं छान चालायचा, मग घरघर वाढायची आणि वेग पडायचा. हे गेमचं काम नाही, तापल्यावर प्रोसेसर स्वतःच चाल कमी करतो. मागचं झाकण काढलं तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदा बसलेला, बोटाने सोलला तसा अख्खा निघाला. त्यात ताईच्या खडूची पूड असणारच, किती वर्षं हा लॅपटॉप फळ्याशेजारीच होता. ते बघून राग जरा ओसरला माझा. त्या दुकानात दिवसाला शंभर माणसं येत असतील. पण पोरासमोर भंगार म्हणायचं नव्हतं हो. त्याच्या आईने पै-पै जोडून घेतलेली वस्तू आहे ती.

जाळी साफ केल्यावर तासभर खेळला, वेग पडला नाही. झाकण उघडंच होतं तेव्हा रॅमचा दुसरा खाचा रिकामा दिसला. तिथे आणखी एक पट्टी बसली की ग्राफिक्सला दोन वाटांनी रॅम मिळेल आणि होलो नाइट अजून सुधारेल. इंदूरमध्ये कोणाकडे चार जीबीची डीडीआर३एल लॅपटॉप रॅम पडून असेल तर सांगा, रविवारी भाच्याला घेऊन येतो. तो आत्ता सेलेस्टच्या दुसऱ्या अध्यायात आहे आणि जेवायला उठायला तयार नाही.