ट्रान्सक्रिप्टने पेनल्टी बसत नाही, ती पाच ठिकाणी टाकल्याने घोळ होतो

पॉडकास्टवाल्यांना ट्रान्सक्रिप्टबद्दल, म्हणजे बोलण्याच्या लिहून काढलेल्या मजकुराबद्दल, असा सल्ला मिळतो: "पॉडकास्टची किंवा व्हिडिओची ट्रान्सक्रिप्ट साइटवर टाकू नका, डुप्लिकेट कंटेंटची पेनल्टी बसते. यूट्यूबवर कॅप्शन आहेत, गूगलला तेवढं पुरतं. टाकायचीच असेल तर वेगळं ट्रान्सक्रिप्ट पेज करा, आणि एकेका प्रश्नाचं एकेक पेज काढलं तर एका एपिसोडमधून वीस पेजेस मिळतात."

पहिल्यांदा पेनल्टीचं बघू, कारण या एका भीतीपायी कितीतरी मराठी पॉडकास्टवाल्यांनी तासातासाच्या मुलाखती नुसत्या आवाजातच ठेवल्यात. साध्या डुप्लिकेट मजकुरासाठी अशी पेनल्टी नसते, हे गूगलने 2008 सालीच स्पष्ट लिहिलंय. होतं काय तर सारखी पेजेस एका गटात टाकली जातात आणि त्यातलं एक पेज मुख्य म्हणून निवडून रिझल्टमध्ये दाखवतात, बाकीची मागे राहतात. दुसऱ्यांचा मजकूर उचलून साइट भरणाऱ्यांवर कारवाई होते, पण तो प्रकारच वेगळा. आणि तुमच्या एपिसोडमधलं बोलणं जर कुठेच वाचता येईल असं लिहिलेलं नसेल तर ट्रान्सक्रिप्ट डुप्लिकेट होणार तरी कशाची? खरी काळजी हीच की सारखी चार पेजेस तुम्हीच बनवलीत तर गूगल त्यातलं नको तेच निवडू शकतं.

आता कॅप्शन. यूट्यूबचा व्हिडिओ एम्बेड केला की तुमच्या पेजवर फक्त एक चौकट येते, कॅप्शनचा मजकूर पेजच्या एचटीएमएलमध्ये येत नाही. कॅप्शनचा जो काही फायदा व्हायचा तो यूट्यूबवरच्या व्हिडिओला होईल, तुमच्या पेजवर मात्र शीर्षक आणि दोन ओळींचं वर्णन एवढंच राहतं. थिन पेज, म्हणजे जवळजवळ मजकूरच नसलेलं पेज म्हणतात ते हेच, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट न टाकल्यानेच पेज थिन होतंय. स्वतःचा प्लेअर लावून `<track>` मध्ये व्हीटीटी फाइल दिली तरी तेच, ती फाइल बघणाऱ्याला कॅप्शन दाखवायला असते, पेजचा मजकूर म्हणून धरली जात नाही. तपासायचं असेल तर पेजचा सोर्स उघडा आणि एपिसोडच्या मधलं एखादं वाक्य Ctrl+F ने शोधा. सापडलं नाही म्हणजे तुमच्या पेजपुरतं ते बहुतेक नाहीच. पॉडकास्ट ॲपवरही विसंबून राहू नका, ॲपलने मार्च 2024 मध्ये आपोआप ट्रान्सक्रिप्ट सुरू केल्या तेव्हा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश एवढ्याच भाषा होत्या.

वेगळ्या ट्रान्सक्रिप्ट पेजचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. डाळिंबावरच्या एका तासाभराच्या मुलाखतीचं काम माझ्याकडे आलं होतं, तेल्या आणि मर हे रोग, बहार धरणं असे विषय, मजकूर साधारण सात-आठ हजार शब्द. तो मजकूर एपिसोडच्या पेजवर होता, वेगळ्या ट्रान्सक्रिप्ट पेजवर होता, डाउनलोडसाठी पीडीएफमध्ये होता, आणि थीमची सेटिंग तशी असल्यामुळे "डाळिंब" टॅगच्या पेजवरही अख्खाच्या अख्खा येत होता. सर्च कन्सोलमध्ये एपिसोडच्या पेजपुढे "Duplicate, Google chose different canonical than user" असं दिसत होतं, म्हणजे गूगलने मुख्य म्हणून दुसरंच पेज निवडलं होतं, आणि मुलाखतीतलं वाक्य अवतरणात घालून शोधलं तर पीडीएफ वर यायची, जिच्यात ना प्लेअर ना बाकीच्या एपिसोडच्या लिंक. शेतकरी यायचा, चार ओळी वाचून निघून जायचा, ही मुलाखत ऐकताही येते हे त्याला कळायचंच नाही.

यावर उपाय एकच, मजकुराचं एकच घर ठेवायचं, एपिसोडचं पेज. वर प्लेअर, खाली थोडक्यात नोंदी, त्याखाली पूर्ण ट्रान्सक्रिप्ट. व्हिडिओ असेल तर तो वरतीच ठळक हवा, कारण डिसेंबर 2023 पासून गूगलच्या व्हिडिओ रिझल्टमध्ये येण्यासाठी व्हिडिओ हाच पेजचा मुख्य भाग असावा लागतो. मजकूर लांबलचक दिसतो म्हणून `<details>` मध्ये मिटवून ठेवला तरी चालतं, तो एचटीएमएलमध्ये असतोच. पण "ट्रान्सक्रिप्ट दाखवा" या बटणावर क्लिक केल्यावरच सर्व्हरवरून मजकूर येत असेल तर उपयोग नाही, गूगलचा बॉट बटणं दाबत बसत नाही. जुनं ट्रान्सक्रिप्ट पेज 301 रीडायरेक्टने एपिसोडच्या पेजवर कायमचं वळवायचं, टॅगच्या पेजवर फक्त उतारा दाखवायचा. मुख्य पेज कोणतं ते सांगणारा नुसता कॅनॉनिकल टॅग लावून भागेलच असं नाही, कारण गूगल तो सूचना म्हणून घेतं, आदेश म्हणून नाही.

डाउनलोडच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा आणि अपाची सर्व्हर असेल तर त्या फाइली गूगलच्या रिझल्टमध्ये येऊ नयेत म्हणून त्या फोल्डरच्या .htaccess मध्ये हे घाला:

```
<FilesMatch "\.(pdf|txt|srt|vtt)$">
  Header set X-Robots-Tag "noindex"
</FilesMatch>
```

यासाठी सर्व्हरवर mod_headers चालू लागतं. आणि तोच फोल्डर robots.txt मध्ये बंद करू नका, बरेच जण दोन्ही करतात आणि मग बॉटला फाइल उघडताच येत नाही, त्यामुळे noindex त्याला दिसतही नाही.

आता त्या वीस पेजेसचं. मुलाखतीतला एक प्रश्न आणि त्याचं दीडशे शब्दांचं उत्तर, त्यातही अर्धं "हो बरोबर, मघाशी म्हणालो तसं" असलं, ते मागचंपुढचं नसताना वाचणाऱ्याला काय कळणार? शिवाय रँकिंगसाठी अशी कमी उपयोगाची पेजेस ढिगाने काढणं गूगलने मार्च 2024 मध्ये स्पॅम धोरणात स्पष्टपणे घातलंय, म्हणजे पेनल्टीला घाबरून दिलेल्या सल्ल्यातच कारवाईची खरी शक्यता लपलीय. त्याऐवजी त्याच पेजवर विषयवार उपशीर्षकं द्या, प्रत्येकाला आयडी द्या:

```html
<h3 id="telya">18:40 तेल्याची पहिली लक्षणं</h3>
```

म्हणजे `#telya` लावून थेट त्या भागाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवता येते. वेगळं पेज तेव्हाच काढा जेव्हा त्यात मुलाखतीपलीकडचं काही असेल. फळावरच्या तेलकट डागांचे आणि तडकलेल्या फळांचे फोटो, मृग आणि हस्त बहारात तेल्याचा धोका कसा बदलतो ते, तज्ज्ञाकडून तपासून घेतलेली फवारणीची माहिती, असं असेल तर तो स्वतंत्र लेख झाला, आणि त्यातून एपिसोडला लिंक द्यायची.

एक गोष्ट मात्र त्या सल्ल्यात यायला हवी होती ती आलीच नाही, कच्चा मशीनचा मजकूर तसाच टाकू नका. त्या मुलाखतीत "तेल्या" चं "तेल या" झालं होतं, "बहार" चं "बाहेर", आणि "मर रोग" चं "मग रोग". लोक शोधतात तेच शब्द नेमके चुकलेले, मग सात हजार शब्द असून सापडणार कसे? सगळं प्रमाण मराठीत बदलायची गरज नाही, "केलं" "सांगितलं" राहू दे, बोलणाऱ्याची भाषा राहू दे. आधी एपिसोडमधल्या रोगांची, औषधांची, गावांची, माणसांची नावं यांची यादी काढा आणि तेवढी पूर्ण मजकुरात शोधून दुरुस्त करा, मग कोण बोलतंय ते लिहा, मग परिच्छेद पाडा. आणि दुरुस्त झालेल्या मजकुरावरूनच कॅप्शनची फाइल नव्याने काढून यूट्यूबवर चढवा, नाहीतर पेजवर "तेल्या" आणि व्हिडिओखाली "तेल या" असं चालू राहतं.